लपवलेल्या स्लाइड, बॅकअप स्लाइड आणि गोषवारा: पावडर प्रकल्प आढाव्याच्या कामाच्या नोंदी

६ ऑगस्ट

दूध पावडर प्रकल्पाची आढावा बैठक काल झाली. समितीतले एक संचालक बाहेरगावी असल्यामुळे येऊ शकले नाहीत. त्यांच्यासाठी सादरीकरणाचा दोन पानी गोषवारा करायचा आहे. पुढच्या टप्प्यात कर्जाच्या कागदांवर त्यांची सही लागणार आहे, त्यामुळे गोषवाऱ्यातला प्रत्येक आकडा ते पुढे कुठे ना कुठे वापरणार.

हाती आलेलं साहित्य असं: मूळ पीपीटी (३४ स्लाइड), बैठकीचं रेकॉर्डिंग (१ तास ५० मिनिटं) आणि इतिवृत्ताचा कच्चा मसुदा.

पहिला मसुदा घाईत झाला. पीपीटीतला सगळा मजकूर एकगठ्ठा बाहेर काढला आणि त्यावरून लिहिलं. त्यात वाक्य आलं, "गुंतवणूक वसूल व्हायला ५.९ ते ८.८ वर्षं लागतील." वाक्य दिसायला जबाबदार आहे, पण बैठकीत असं कोणीच म्हणालं नाही. ९ नंबरच्या स्लाइडवर ६.५ वर्षं आहेत. ५.९ कुठून आले आणि ८.८ कुठून, हे शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरलं. मसुदा रद्द.

७ ऑगस्ट

आधी स्लाइडची मोजदाद. १ ते २१ मुख्य सादरीकरण, २२ वर "धन्यवाद", २३ ते ३४ बॅकअप. मुख्य भागातल्या चार स्लाइड लपवलेल्या आहेत: ६, १०, १७ आणि १९. Slide Sorter मध्ये त्यांचे आकडे तिरक्या रेघेने खोडलेले दिसतात आणि चित्र फिकट दिसतं.

डोळ्यांनी पाहणं ३४ स्लाइडला पुरतं. शंभर-सव्वाशेच्या पीपीटीत एखादी हमखास सुटते, म्हणून यादी काढायची सोय करून ठेवली. लपवलेल्या स्लाइडच्या XML मध्ये मुळाशी `show="0"` असतं, तेवढंच तपासायचं:

```python
from pptx import Presentation

p = Presentation("adhava.pptx")
for n, s in enumerate(p.slides, 1):
    h = s._element.get("show") in ("0", "false")
    t = s.shapes.title
    print(n, "H" if h else "-",
          t.text_frame.text if t is not None else "")
```

इथे येणारा `n` हा पडद्यावरचा क्रम आहे. पीपीटी फाइल झिपसारखी उघडून आतली `slide10.xml` थेट वाचली, तर ती दहावी स्लाइड असेलच असं नाही. स्लाइड वर-खाली सरकवल्या तरी आतली फाइलनावं त्यांच्यामागे बदलत नाहीत. खरा क्रम `presentation.xml` मधल्या यादीत असतो.

कालची चूक कशी झाली हेही इथेच कळलं. मजकूर बाहेर काढणाऱ्या बहुतेक साधनांना `show="0"` शी काही देणंघेणं नसतं. ती सगळ्या स्लाइड सारख्याच मानून वाचतात. त्यामुळे सभेसमोर ठेवलेलं, राखून ठेवलेलं आणि मागे घेतलेलं अशा तिन्ही गोष्टी एकाच रांगेत येऊन बसतात.

आणखी एक खूण नोंदवून ठेवतो. लपवलेली स्लाइडही क्रमांकात मोजली जाते. त्यामुळे सभेत पडद्याच्या कोपऱ्यात ५ नंतर थेट ७ दिसतो. फक्त पीडीएफ हाती आली असेल आणि छापील क्रमांकात अशी उडी दिसली, तर मधली स्लाइड लपवलेली आहे असं समजून सादरकर्त्याला विचारावं.

८ ऑगस्ट

"लपवलेली म्हणजे दाखवली नाही, बॅकअप म्हणजे दाखवली नाही" हा सरळ नियम लावता येईल का, हे रेकॉर्डिंगशी ताडून पाहिलं. दोन्ही बाजूंनी तो खोटा ठरला.

लपवलेली १७ वी स्लाइड सभेत चार मिनिटं पडद्यावर होती. ती तीन पुरवठादारांच्या तुलनेची. १६ व्या स्लाइडवर "तुलना" असं बटण आहे आणि ते १७ वर नेतं. लपवलेल्या स्लाइडवर दुवा दिला तर तो चालतो, फक्त सरळ पुढे जाताना ती स्लाइड वगळली जाते. सादरकर्ते हे मुद्दाम करतात, म्हणजे विषय निघाला तरच तपशील उघडता येतो. शिवाय सादरीकरण चालू असताना १७ टाइप करून Enter दाबलं, तरी ती स्लाइड येते. त्याची खूण फाइलमध्ये कुठेही राहत नाही.

बॅकअपमधल्या दोन स्लाइड प्रश्नोत्तरांत दाखवल्या गेल्या. कृशकाळात दूध कमी पडलं तर काय, असं एका सदस्यांनी विचारलं तेव्हा २७ वी उघडली. सांडपाणी प्रक्रियेचा खर्च धरला आहे का, या प्रश्नावर ३० वी उघडली. परवाचं ८.८ वर्षांचं कोडं इथे सुटलं. मुख्य स्लाइडवरचा ६.५ हा आकडा क्षमतेचा ८५ टक्के वापर धरून आहे, २७ वर तोच हिशोब ७० टक्क्यांवर केला आहे.

दोन्हींचा हिशोब करून पाहिला. प्रकल्प खर्च ५२ कोटी, वर्षाचा स्थिर खर्च ३.९ कोटी, आणि वापराच्या प्रत्येक टक्क्यामागे वर्षाला १४ लाख सुटतात. ८५ टक्क्यांवर ११.९ कोटी, त्यातून ३.९ वजा जाता ८ कोटी उरतात, आणि ५२ भागिले ८ म्हणजे ६.५ वर्षं. ७० टक्क्यांवर ९.८ कोटी, वजा जाता ५.९ कोटी, म्हणून ८.८ वर्षं. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते एकाच अंदाजाची दोन टोकं नाहीत. एक मुख्य प्रस्ताव आहे आणि दुसरा "दूध कमी आलं तर" या प्रश्नाचं उत्तर. "६.५ ते ८.८" असं लिहिलं की प्रश्न गायब होतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, मांडणाऱ्यालाच खात्री नाही.

पावडर प्रकल्पात हा प्रश्न फार कळीचा आहे. पुष्टकाळात दूध ओसंडतं तेव्हा पावडर करायची. कृशकाळात पिशवीतल्या दुधालाच पुरवताना ओढाताण होते आणि दूध वाळवून पावडर करणारा टॉवर रिकामा राहतो. २७ वी स्लाइड बॅकअपमध्ये होती म्हणून गोषवाऱ्यातून गाळली असती, तर सभेतली सगळ्यात महत्त्वाची चर्चा गैरहजर संचालकांपर्यंत पोचलीच नसती.

ठरलं ते असं. स्लाइडचा दर्जा ती फाइलमध्ये कुठे आहे यावरून ठरवायचा नाही, ती सभेसमोर आली का यावरून ठरवायचा. पुरावा म्हणून आधी रेकॉर्डिंग, मग इतिवृत्त, आणि ही दोन्ही नसतील तर सादरकर्त्याचा शब्द. पूर्ण रेकॉर्डिंग ऐकायला वेळ नसेल तर निदान प्रश्नोत्तरांचा भाग, आणि ज्या स्लाइडवर लपवलेल्या स्लाइडचा दुवा आहे तिथला भाग ऐकावा. इथे त्याला ३५ मिनिटं लागली.

११ ऑगस्ट

६, १० आणि १९ सभेत आल्या नाहीत. त्या का लपवल्या हे प्रकल्प व्यवस्थापकांना विचारलं. तीन स्लाइडची तीन कारणं निघाली.

६ वी जागेच्या आराखड्याची. वेळ वाचवायला काढली, त्यात वादाचं काही नाही.

१९ वी मनुष्यबळाची, पदनिहाय प्रस्तावित वेतनासह. ती कार्मिक उपसमितीपुढे जायची आहे आणि त्याआधी कोणाकडेही जाऊ नये अशी त्यांची स्पष्ट सूचना आहे.

१० वी जुनी आहे. यंत्रसामग्रीचं दरपत्रक बदलण्याआधी प्रकल्प खर्च ४७ कोटी होता, तो हिशोब तिच्यावर आहे. ४७ भागिले ८ म्हणजे ५.९ वर्षं. नवं दरपत्रक आल्यावर ९ वी स्लाइड नव्याने केली आणि १० वी पुसून टाकण्याऐवजी लपवून ठेवली.

एवढ्यावर विषय संपला असता. पण लपवलेल्या स्लाइडवर जुना आकडा सापडला की तो दिसणाऱ्या स्लाइडवर कुठे उरलाय का, हे शोधायलाच हवं. Ctrl+F ने ४७ शोधले तर फक्त १० आणि २९ मिळाल्या. २९ ही बॅकअपमधली रोख प्रवाहाची स्लाइड, सभेत न दाखवलेली. पण जुना आकडा दरवेळी स्वतःच्या रूपात बसलेला नसतो, त्यातून काढलेल्या आकड्याच्या रूपातही तो बसतो. म्हणून ४७ वरून निघणारे आकडेही शोधले. कर्ज हे प्रकल्प खर्चाच्या ७० टक्के आहे. ४७ चे ७० टक्के ३२.९ कोटी, ५२ चे ३६.४ कोटी.

१४ वी स्लाइड, सभेत दाखवलेली: "प्रस्तावित मुदत कर्ज ३२.९ कोटी." इतिवृत्ताच्या मसुद्यातल्या ठरावातही ३२.९ कोटीच.

म्हणजे ९ वी स्लाइड नव्या खर्चावर आहे आणि १४ वी जुन्या. फरक ३.५ कोटींचा. व्यवस्थापकांना दोन्ही स्लाइडचे क्रमांक आणि हिशोबाची एक ओळ पाठवली. तासाभरात उत्तर आलं: ३६.४ बरोबर, १४ बदलायची राहून गेली.

१२ ऑगस्ट

आता हे गोषवाऱ्यात लिहायचं कसं, यावर बराच वेळ गेला.

एक मत असं होतं की योग्य आकडा कळला आहे, तर सरळ ३६.४ लिहावा. ते मान्य झालं नाही. सभेने ३२.९ पाहिले आणि ३२.९ चाच ठराव केला. गैरहजर असलेल्या एकाच माणसाच्या कागदावर वेगळा आकडा गेला, तर समितीतल्या दोघांकडे एकाच बैठकीचे दोन ठराव होतील. गोषवारा बैठकीला दुरुस्त करू शकत नाही. दुरुस्ती आधी सगळ्यांना कळवायची आणि गोषवाऱ्यात ती दुरुस्ती म्हणूनच द्यायची.

त्यामुळे आज सकाळी व्यवस्थापकांच्या नावाने सर्व सदस्यांना शुद्धिपत्र गेलं आणि त्यानंतरच गोषवाऱ्यातली ओळ पक्की झाली:

"कर्ज: सभेत ३२.९ कोटी मांडले व तसा ठराव झाला (स्लाइड १४). १२ ऑगस्टच्या शुद्धिपत्रानुसार हा आकडा ३६.४ कोटी हवा. ठरावाची दुरुस्ती पुढच्या बैठकीत."

१० व्या स्लाइडचा यात उल्लेख नाही आणि त्याची गरजही नाही. चूक कुठून आली हे शोधायला ती उपयोगी पडली, पण गोषवारा वाचणाऱ्याला दिसणाऱ्या स्लाइडवरचा आकडा आणि शुद्धिपत्र पुरेसं आहे. मागे घेतलेला ५.९ वर्षांचा आकडा कागदावर एकदा आला, तर "हे जुनं आहे" असं शेजारी लिहूनही तो कोणाच्या तरी लक्षात राहतो.

कृशकाळाची ओळ अशी झाली:

"गुंतवणूक वसुली ६.५ वर्षं, ८५ टक्के वापर धरून (स्लाइड ९). कृशकाळात दूध कमी मिळाल्यास काय, या प्रश्नावर सादरकर्त्यांनी ७० टक्के वापराचा हिशोब दाखवला: ८.८ वर्षं (स्लाइड २७, प्रश्नोत्तरांत)."

"प्रश्नोत्तरांत" हा शब्द काढायचा नाही. संचालकांना त्यावरून कळतं की हा मुद्दा मांडणाऱ्यांनी आपणहून काढला नव्हता, सदस्यांनी विचारल्यावर आला.

आता उरलेल्या बॅकअप स्लाइड. सभेत न आलेल्या अशा दहा आहेत. त्या पूर्ण गाळाव्यात असं आमचं पहिलं मत होतं, कारण सभेला जे दिसलं नाही ते गैरहजर माणसाला का द्यायचं? त्याविरुद्धचा मुद्दा वजनदार निघाला. हजर सदस्य हात वर करून विचारू शकत होते आणि बॅकअप स्लाइड त्याच प्रश्नांसाठी केलेल्या असतात. गैरहजर संचालकांना ती संधी मिळाली नाही. त्यांना निदान कोणत्या प्रश्नाचं उत्तर तयार आहे एवढं तरी कळायला हवं.

म्हणून मध्यममार्ग. २४ आणि २५ या स्लाइडवर ८ कोटींच्या बचतीचा आधार आहे: पावडर आणि लोण्याचे धरलेले दर, आणि वाफ व विजेचा खर्च. मुख्य स्लाइडवरचा आकडा ज्यावर उभा आहे त्या स्लाइड जोडायच्या, पण "सभेत दाखवल्या नाहीत, आधार म्हणून जोडल्या" या मथळ्याखाली, आणि त्यातला एकही आकडा गोषवाऱ्याच्या मुख्य मजकुरात घ्यायचा नाही. बाकीच्या सात स्लाइडची फक्त नावं आणि क्रमांक एका परिच्छेदात द्यायचे, म्हणजे हवी ती मागवता येईल. २९ वी जुन्या खर्चावर असल्यामुळे नव्याने होईपर्यंत यादीतही नाही.

बॅकअप स्लाइडबाबत ही सावधगिरी नेहमीच हवी. मुख्य स्लाइड सभेआधी चार जण वाचतात, बॅकअप बहुधा मागच्या बैठकीतून जशाच्या तशा उचललेल्या असतात. तळटीपेतली तारीख आणि मुख्य स्लाइडशी जुळणारा एखादा आकडा, या दोन गोष्टी तपासल्या की शिळी स्लाइड बहुतेक वेळा सापडते. २९ च्या तळाशी जूनची तारीख होती.

लपवलेल्या स्लाइड अस्तित्वात आहेत हे तरी सांगावं का? ६ बद्दल सांगायला हरकत नाही. १९ बद्दल व्यवस्थापकांशी बोलून एवढंच लिहिलं: "स्लाइड ६, १० व १९ सभेत मांडलेल्या नाहीत, म्हणून क्रमांकात खंड दिसेल." क्रमांकाची उडी वाचणाऱ्याला दिसणारच आहे. न सांगता सोडली, तर पान गहाळ झालंय असं वाटून विचारणा होते. त्यांवर काय आहे हे मात्र लिहिलं नाही.

१३ ऑगस्ट

पाठवण्याची प्रत. मूळ पीपीटी पाठवायची नाही, कारण १९ वी स्लाइड तिच्यात आहे आणि लपवलेली स्लाइड फाइल उघडणाऱ्या कोणालाही दिसते. Hide Slide हे सादरीकरणाच्या सोयीसाठी आहे, कुलूप नव्हे. एक्सेलमधून चिकटवलेल्या तक्त्यांबरोबर कधी कधी अख्खी वर्कबुक आत येते, तेही एक कारण.

नको त्या स्लाइड पुसून पीडीएफ करावी, असं आधी वाटलं होतं. तसं केलं की पुढचे सगळे क्रमांक बदलतात. २७ वी वेगळ्याच क्रमांकाची होते, आणि इतिवृत्तात व रेकॉर्डिंगमध्ये "२७ नंबरची स्लाइड" असे उल्लेख आहेत ते जुळत नाहीत.

त्याऐवजी वेगळी प्रत करून तिच्यात १७ वी उघडी केली. ६, १० आणि १९ तशाच लपवलेल्या ठेवल्या. बॅकअपमधल्या २४, २५, २७ आणि ३० सोडून बाकी आठ लपवल्या. मग पीडीएफ करताना Options मध्ये Include hidden slides ची खूण काढली. ही खूण दरवेळी डोळ्यांनी पाहावी, आधीच्या वेळी काय होतं यावर विसंबू नये. असं केल्यावर छापील क्रमांक मूळचेच राहतात.

पडताळणी: ३४ वजा ३ वजा ८, म्हणजे २३ पानं हवीत. २३ च आली. पीडीएफमध्ये "वेतन" शब्द शोधला, सापडला नाही. पीडीएफचं पान आणि स्लाइडचा क्रमांक आता जुळत नाहीत, म्हणून गोषवाऱ्याच्या डोक्यावर लिहिलं: "क्रमांक स्लाइडच्या कोपऱ्यात छापलेले आहेत ते धरावेत."

व्यवस्थापकांनी २४ आणि २५ जोडायला लेखी होकार दिला. गोषवारा दोन पानं, जोड २३ पानं. दुपारी रवाना.

२० ऑगस्ट

संचालकांचे दोन प्रश्न आले. पहिला २५ व्या स्लाइडवर: वाफेच्या हिशोबात बॉयलरसाठी कोणतं इंधन धरलं आहे? दुसरा: न दाखवलेल्यांच्या यादीतली ३३ वी, साठवण गोदामाची, पाहायला मिळेल का?

३३ पाठवण्याआधी तपासली. तळाला जुलैची तारीख आहे आणि खर्च ५२ कोटींचाच धरला आहे. "सभेत दाखवलेली नाही, संचालकांच्या मागणीवरून" असं वर लिहून एक पान पाठवलं, आणि तीच प्रत इतर सदस्यांनाही दिली. इंधनाचा प्रश्न व्यवस्थापकांकडे पाठवला आहे, उत्तर यायचं आहे. ठरावातल्या ३६.४ कोटींची दुरुस्ती पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर दुसऱ्या क्रमांकावर घेतली. १० वी स्लाइड मूळ पीपीटीतून आज व्यवस्थापकांनी कायमची काढली आणि २९ नव्या खर्चावर केली.